नोकरी सोडली, पण कंपनी दाखला सोडेना

21 नोव्हेंबर 2025 ला देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यानंतर ओळखीतल्या लोकांचे फोन वाढले. प्रश्न बहुतेक एकच: "दोन दिवसांत पैसे द्यायचा कायदा आला म्हणतात, मग माझे दोन महिने का अडकलेत? आणि एक्सपिरियन्स लेटरचं काय?"

मी नऊ वर्षं पेरोलच्या टेबलावर काढली, म्हणजे पैसे अडकवणाऱ्या बाजूला बसले होते. कुठला कागद कोणाच्या ड्रॉवरमध्ये थांबतो आणि कशाने हलतो, ते तिथे बसून कळतं.

## कंपनीने मारलेली एक गाठ

शाळा सोडल्याचा दाखला आठवा. फी बाकी असेल तर क्लार्क म्हणायचा, "आधी फी भरा, मग दाखला." इथे उलटं होतं. पैसे तुमचेच कंपनीकडे बाकी असतात आणि दाखलाही कंपनीच धरून ठेवते. वर म्हणते, या हिशेबावर सही करा, मग दोन्ही मिळेल.

खरं तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पैसा हे कंपनीचं तुम्हाला असलेलं देणं आहे आणि त्यासाठी कायदा बऱ्यापैकी दणकट आहे. पत्र म्हणजे तुम्ही तिथे काम केल्याची नोंद. त्या बाबतीत कायद्याचा हात ढिला आहे. कंपनीला हे माहीत असतं, म्हणून ती ढिल्या दोरीने दणकट दोरी बांधून ठेवते. आपण पहिल्या दिवसापासून दोन्ही मागण्या वेगळ्या ठेवायच्या. शक्य तर वेगळ्या मेलमध्ये.

तीन शब्द एकदाच सांगते. रिलीव्हिंग लेटर म्हणजे अमुक तारखेला तुम्हाला कामातून मोकळं केलं, एवढं सांगणारं पत्र. एक्सपिरियन्स लेटर म्हणजे कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या हुद्द्यावर काम केलं ते सांगणारा दाखला. काही कंपन्या त्यात वर्तणुकीबद्दलही एक ओळ घालतात. आणि फुल अँड फायनल म्हणजे शेवटचा हिशेब: राहिलेला पगार, रजेचे पैसे, कपात, सगळं एका तक्त्यात. पुढे मी त्याला नुसतं हिशेब म्हणेन.

## पैसे किती दिवसांत?

पूर्वी कंपनीने कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत पगार द्यायचा, असा नियम होता. आपणहून राजीनामा देणाऱ्याचा त्यात उल्लेखच नव्हता. शिवाय तो कायदा महिना 24,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच लागू होता. त्यामुळे "आमचं धोरण 45 दिवसांचं आहे" हे वाक्य बिनदिक्कत चालायचं. मीही ते शेकडो मेलमध्ये पेस्ट केलंय.

2019 च्या, पण आता कुठे लागू झालेल्या वेतन संहितेने दोन्ही भिंती पाडल्या. तिच्या कलम 17 मध्ये राजीनामा हा शब्द स्पष्ट आहे, आणि कर्मचारी या शब्दात सुपरवायझर, मॅनेजर, प्रशासनातली माणसं सगळी येतात. शेवटचा दिवस शुक्रवार असेल आणि शनिवार-रविवार सुट्टी असेल, तर राहिलेला पगार मंगळवारपर्यंत खात्यात यायला हवा.

ग्रॅच्युइटीचं घड्याळ वेगळं. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली असतील तर ती मिळते, आणि देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. उशीर झाला तर व्याज लागतं. पीएफ तर कंपनीच्या हातातच नसतो. तो तुमच्या यूएएन खात्यात पडून असतो. "पीएफ अडवून ठेवू" अशी धमकी मिळाली तर समोरच्याला नियम माहीत नाहीत, किंवा तुम्हाला माहीत नसतील असं त्याला वाटतंय.

मग प्रत्यक्षात उशीर का होतो? प्रत्येक वेळी खुनशीपणा नसतो. नो-ड्यूजचा, म्हणजे तुमच्याकडे कंपनीचं काही बाकी नाही असं सांगणारा फॉर्म आयटी, अॅडमिन, अकाउंट्स आणि तुमचा मॅनेजर असा फिरतो. तीन सह्या एका दुपारी होतात आणि चौथी, म्हणजे मॅनेजरची, अडते, कारण त्याला तुमच्या जागी अजून माणूस मिळालेला नसतो. एचआर तुम्हाला "प्रोसेसमध्ये आहे" म्हणतं, म्हणजे फॉर्म त्या ड्रॉवरमध्ये आहे. म्हणून पहिला प्रश्न "पैसे कधी?" असा विचारू नका. "नो-ड्यूजवर कोणाची सही बाकी आहे?" असं विचारा. त्याचं लेखी उत्तर द्यायचं म्हणजे एचआरला एक नाव लिहावं लागतं, आणि नाव लिहिलं गेलं की ड्रॉवर उघडतो.

## एका हिशेबाची चिरफाड

ओळखीतल्या एका मुलीचा हिशेब घेते. आकडे सोपे करून. पगार महिना 60,000, त्यात बेसिक 30,000. नोकरी 6 वर्षं 8 महिने. नोटीस 60 दिवसांची, तिने 40 दिवस भरले. महिन्याच्या 12 तारखेला बाहेर पडली. आधीच्या महिन्याचा पगार कंपनीने राजीनाम्यानंतर लगेच रोखून धरला होता. ही सर्रास चालणारी सवय आहे. कंपनीच्या नियमाप्रमाणे तिच्या 12 दिवसांच्या रजेचे पैसे बेसिकवर मिळणार होते.

कंपनीने पाठवलेला तक्ता असा होता. रोखलेला पगार 60,000, चालू महिन्याचे 12 दिवस 24,000, रजेचे 12,000, मिळून 96,000. त्यातून नोटीस न भरल्याचे 20 दिवसांचे 40,000 वजा, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणून 7,200 वजा, ट्रेनिंग खर्च 35,000 वजा. हातात 13,800. ग्रॅच्युइटीसमोर लिहिलं होतं: नोटीस पूर्ण न केल्याने जप्त. खाली सहीची जागा आणि एक वाक्य: "माझी कोणतीही मागणी बाकी नाही."

ती रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, एक एक ओळ घेऊ.

नोटीसची कपात मुळात चुकीची नाही. 20 दिवस कमी भरले, आणि नेमणूक पत्रात तसं कलम होतं. पण त्या कलमात शब्द होता "बेसिक वेतन", आणि कंपनीने कापले पूर्ण पगारावर. बेसिकवर 20 दिवसांचे 20,000 होतात. नेमणूक पत्र शोधून ते एक वाक्य वाचलं आणि 20,000 रुपये परत आले. हे वाक्य प्रत्येकाने आपल्या पत्रात शोधावं. कुठे बेसिक लिहिलेलं असतं, कुठे ग्रॉस, कुठे काहीच नसतं.

जीएसटी लावण्याची टूम काही वर्षांपूर्वी निघाली होती. अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं की कर्मचाऱ्याकडून घेतलेली नोटीसची रक्कम ही कुठल्याही सेवेची किंमत नाही, त्यामुळे तिच्यावर जीएसटी लागत नाही. तरीही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ कधीकधी तशीच राहते. 7,200 परत.

ट्रेनिंगच्या 35,000 साठी तिने कुठल्याच कागदावर सही केली नव्हती. कंपनीला खर्च आला असेलही, पण कराराशिवाय तो पगारातून वळता करता येत नाही. बाँड असता तर मात्र गोष्ट वेगळी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख द्यायचं कलम वैध ठरवलं. त्यामुळे "बाँडला कायद्यात किंमत नाही" या व्हॉट्सअॅपवरच्या वाक्यावर विसंबू नका. बाँड असेल तर तो वाचा. रक्कम अवाजवी आहे का आणि ट्रेनिंग खरंच झालं का, यावर भांडता येतं.

आता ग्रॅच्युइटी. ती जप्त होते ती कर्मचाऱ्याला गैरवर्तन किंवा नुकसानीमुळे कामावरून काढलं तर, तेही ठरावीक परिस्थितीत. राजीनामा देऊन नोटीस कमी भरणं त्यात बसत नाही. हिशोब असा: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 6 वर्षं 8 महिन्यांची 7 वर्षं झाली. 30,000 च्या बेसिकवर 1,21,154 रुपये.

म्हणजे खरा आकडा: 96,000 मधून 20,000 गेले, राहिले 76,000. अधिक ग्रॅच्युइटी 1,21,154. एकूण 1,97,154, कर आणि पीएफच्या नेहमीच्या कपातीआधी. कंपनी 13,800 वर सही मागत होती, आणि सही केली नाही तर पत्र नाही.

## "पण सही केल्याशिवाय पत्र देणार नाही म्हणतात"

इथेच बहुतेक जण मान टाकतात. तसं करू नका, आणि "मी काहीच सही करणार नाही" असा आवही आणू नका. मधली वाट आहे. तक्ता मागून घ्या, आणि सही करावीच लागली तर सहीच्या वर हाताने लिहा: "रक्कम स्वीकारली, हिशेब मान्य नाही, बाकी मागणीचा हक्क राखून." सही केलेल्या पानाचा फोटो घ्या. ते असं लिहू देत नसतील, तर सही न करता मेलने उत्तर द्या. पैसे खात्यात जमा झाले म्हणून हिशेब मान्य झाला, असं होत नाही.

ग्रॅच्युइटीचा हक्क तर असा कागद सही करूनही जात नाही.

तिने पाठवलेला मेल साधा होता. कडक शब्द नव्हते, तारखा होत्या:

> माझा शेवटचा दिवस 12 तारीख. त्यानंतर दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार देणं वेतन संहितेच्या कलम 17 प्रमाणे बंधनकारक आहे. सोबत माझ्या हिशेबाचा तक्ता जोडला आहे. ज्या कपातीवर हरकत आहे तिच्यासमोर कारण दिलं आहे. ज्या करारानुसार ट्रेनिंग खर्च कापला, त्याची प्रत पाठवावी. सात दिवसांत उत्तर न आल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करेन.

दुसरा मेल त्याच दिवशी, वेगळ्या विषयाने: सेवा प्रमाणपत्राबाबत. त्यात पैशांचा उल्लेख नाही.

## "राजीनामाच स्वीकारला नाही, तर?"

खासगी नोकरीत ही धमकी पोकळ असते. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालयही जबरदस्तीने पाळायला लावत नाही. तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवता येत नाही. कंपनी मागू शकते ती नोटीसची भरपाई, म्हणजेच वरचा तो 20,000 चा आकडा. चौकशी चालू असेल तर मात्र सांभाळून. तिथे आधी वकील गाठा.

धोका दुसराच असतो: कंपनी तुमची नोंद "ॲबस्कॉंडिंग", म्हणजे न सांगता गेलेला, अशी करते. ती टाळायला राजीनाम्याचा मेल आणि हँडओव्हरची यादी आपल्या खासगी पत्त्यावर कॉपी ठेवूनच पाठवा. लॅपटॉप दिल्याची पोच घ्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा मेल बंद होतो, आणि ज्या कागदांवर सगळं उभं आहे ते सगळे आत राहतात. नेमणूक पत्र, पगारवाढीची पत्रं आणि सॅलरी स्लिप आधीच घरी आणून ठेवा. क्लायंटचा डेटा मात्र चुकूनही नको. तो घेतलात तर कंपनीच्या हातात खरं कोलीत जाईल.

## "तक्रार करायची कुठे? मी तर मॅनेजर आहे"

जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात. तिथे काउंटरवर अजूनही कोणी म्हणेल, "तुम्ही वर्कर नाही, तुमचं इथे चालणार नाही." जुन्या कायद्यांमध्ये ते खरं असायचं. पगाराची मागणी वेतन संहितेच्या कलम 45 खाली करतोय असं अर्जातच लिहा, आणि अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. प्राधिकारी रकमेसोबत नुकसानभरपाईही लावू शकतो, जास्तीत जास्त दहापट. अर्थात ते त्याच्या हातात असतं, मिळेलच असं नाही. तुमच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट निराळी आहे: पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर असतं, तुमच्यावर नाही.

ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा, ग्रॅच्युइटीसाठीच्या प्राधिकाऱ्याकडे. दोन अर्ज एकत्र केले की दोन्ही रेंगाळतात.

पेरोलच्या टेबलावरून सांगते: सरकारी पत्र आलं की फाइल लगेच वर जाते. तोवर चार मेल आलेले असतात, त्यांचं काहीच झालेलं नसतं. त्यामुळे दहा मेल करण्यापेक्षा दोन मेल, मग कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने एक पत्र, आणि मग अर्ज. पोस्टाची पोच जपून ठेवा.

## पत्राचं काय? इथे सरळ बोलू

प्रत्येक खासगी कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला एक्सपिरियन्स लेटर दिलंच पाहिजे, असा एकच सरसकट कायदा नाही. कारखान्यांच्या स्थायी आदेशांमध्ये, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमावलीत, कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद असते. इतरांसाठी आधार म्हणजे नेमणूक पत्र, कंपनीचं एचआर धोरण आणि आजवर इतरांना दिलेली पत्रं. दिवाणी न्यायालयात जाता येतं, पण नव्या नोकरीची तारीख तोवर थांबत नाही.

म्हणून मागणी छोटी करा. कौतुकाची ओळ मागू नका, "एक्सपिरियन्स लेटर" हा शब्दही सोडून द्या. नाव, हुद्दा, रुजू तारीख आणि शेवटची तारीख एवढंच असलेलं सेवा प्रमाणपत्र मागा. नुसती वस्तुस्थिती लिहून द्यायला नकार देताना एचआरलाही अवघड जातं, कारण तो नकार नंतर कुठेतरी वाचला जाणार असतो.

आणि पत्राची वाट पाहत बसू नका. त्याची जागा घेणारी नोंद सरकारकडे आधीच आहे. ईपीएफओच्या पोर्टलवर `View` मध्ये `Service History` पाहा. कंपनीचं नाव आणि रुजू तारीख तिथे असते. कंपनी शेवटची तारीख भरत नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी `Manage` मध्ये `Mark Exit` करून ती तुम्ही स्वतः भरू शकता; आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली हवी, आणि नंतर ती बदलणं जिकिरीचं, म्हणून दोनदा बघून टाका. जोडीला फॉर्म 16, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि सगळ्यात शेवटची सॅलरी स्लिप. पीएफ कापला जात नसेल तर हे तीनच कागद, आणि त्यात बँकेचा सर्वात वजनदार.

## "नव्या कंपनीला हे चालेल का?"

सगळ्यांना नाही. काही ठिकाणी रिलीव्हिंग लेटरशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही. पण पडताळणी करणारी एजन्सी मुळात तारखा आणि हुद्दा जुळतो का, ते पाहते. नव्या एचआरला पहिल्याच आठवड्यात, त्यांनी विचारायच्या आधी, कळवा: पत्र प्रलंबित आहे, ही माझी मागणी, ही सेवेची नोंद, हा राजीनाम्याचा मेल. उशिरा कळलेल्या गोष्टीला एचआर लपवलेली गोष्ट म्हणतं, लवकर कळलेल्या गोष्टीला प्रलंबित कागद. मुदत मागितली की बहुतेक ठिकाणी मिळते.

जुनी कंपनी वाईट सांगेल ही भीती खरी आहे, पण तुम्ही गप्प बसलात तरी ती तशीच राहते. लेखी वाद नोंदवलेला असेल तर पडताळणीच्या फोनवर बोलणाऱ्याची जीभही जरा सांभाळून चालते.

## त्या मुलीचं पुढे

कामगार कार्यालयात अर्ज दिल्यावर कंपनीने सुधारित तक्ता पाठवला. ट्रेनिंग आणि जीएसटीच्या ओळी गायब होत्या, नोटीस बेसिकवर आली होती. 76,000 जमा झाले. ग्रॅच्युइटीसाठी मात्र दुसऱ्या अर्जाची सुनावणी लागेपर्यंत थांबावं लागलं.

पत्र सगळ्यात शेवटी आलं, एका शनिवारी रात्री, नुसती पीडीएफ. तिने मला फॉरवर्ड केलं आणि खाली नाचणारी बाहुली पाठवली. मी उघडलं तर रुजू तारखेतलं वर्ष एकाने पुढे होतं. सहा वर्षं आठ महिन्यांची पाच वर्षं आठ महिने झाली होती, आणि ईपीएफओच्या नोंदीशी ते जुळत नव्हतं. सोमवारी सकाळी तिने पहिली सॅलरी स्लिप जोडून दुरुस्तीचा मेल टाकला. विषय तोच ठेवला: सेवा प्रमाणपत्राबाबत.